मुदतवाढ ही मेहरबानी नव्हे

शिष्यवृत्ती कार्यालयाकडे मुदत मागणारे आपले अर्ज बहुतेकदा ‘घरची परिस्थिती हलाखीची आहे, तरी दया करावी’ असे सुरू होतात. त्यात गरिबी असते, तारखा नसतात. उशीर आपलाच, हे आपणच आधी कबूल करून बसतो.

उशीर कोणाचा, हे कर्नाटकात कागदावर दाखवता येते. नाडकचेरीत जातीच्या दाखल्याचा अर्ज दिला की २०११ च्या ‘सकाल’ कायद्याप्रमाणे जीएससी क्रमांकाची पावती मिळते. दाखला कधीपर्यंत द्यायचा, ती तारीख तिच्यावर असते. तारीख उलटली तर अपील करता येते आणि दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाईची तरतूद आहे. म्हणजे उशीर हा कचेरीचा दोष, हे सरकारच कायद्यात मान्य करते. कचेरीला फार तर ५०० रुपयांचा भुर्दंड; विद्यार्थ्याची मात्र वर्षभराची शिष्यवृत्ती जाते. हा कुठला न्याय?

अडचण पोर्टलवरच सुरू होते. राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर दाखल्याचा आरडी क्रमांक भरावा लागतो, आणि दाखला निघाल्याशिवाय तो क्रमांक मिळतच नाही.

मी बेळगाव जिल्ह्यातला, शिकतो बेंगळुरूत. एका वर्षी मी २ सप्टेंबरला अर्ज दिला. पावतीवर २३ सप्टेंबर होती, शिष्यवृत्तीची मुदत ३० ला संपत होती आणि कागद तलाठ्याच्या अहवालापाशी अडकला होता. २४ लाच मी पत्र दिले. त्यात या तीन तारखा, जीएससी क्रमांक, पावतीची प्रत आणि दोन मागण्या होत्या: दाखला मिळाल्यापासून सात दिवस द्या, नकार असेल तर कारणासह लेखी कळवा. पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. तोंडी ‘नाही’ म्हणणारे लेखी ‘नाही’ द्यायला धजावले नाहीत. मुदत मिळाली.

राम कुमार गिजरोया प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने, मुदतीनंतर दिलेला ओबीसी दाखला स्वीकारायला लावला. सूत्र असे की, जात जन्माने ठरते, दाखला हा तिचा पुरावा. पण तो निकाल नोकरभरतीचा होता, आणि २०२३ च्या दिव्या प्रकरणात ईडब्ल्यूएस दाखल्याबाबत न्यायालयाने मुदत काटेकोर धरली. उत्पन्न दरवर्षी बदलते, जात बदलत नाही. म्हणून जन्माचा मुद्दा फक्त जातीच्या दाखल्यासाठी मांडा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पावतीवरची तारीख हाच आधार.

खरे तर प्रत्येकाला असे पत्र लिहावे लागू नये. मुदतीच्या आत मिळालेला जीएससी क्रमांक पोर्टलने तात्पुरता स्वीकारावा आणि दाखला निघाल्यावर आरडी क्रमांक जोडून घ्यावा. दोन्ही क्रमांक सरकारचेच आहेत. त्यांची गाठ घालून देण्यासाठी विद्यार्थ्याने का हेलपाटे घालावेत?