भिंतीपलीकडचा नफा

शिवाजीनगरच्या साखर संकुलात ऊसदराचा वाद पोचला की सगळे साखरेच्या भावावर घसा कोरडा करतात. मळीचा भाव कुणी विचारत नाही. मी एका खासगी साखर कारखान्याचं कॉस्टिंग सांभाळलं आहे. तिथे मळीचा भाव बाजार ठरवत नसे, मार्चअखेरचं एक जर्नल व्हाउचर ठरवत असे.

कारखान्याची मळी पाइपातून शेजारच्या डिस्टिलरीत जाते. दोन्ही विभाग एकाच कंपनीचे, मध्ये फक्त एक भिंत. साखर विभागाने मळी स्वस्तात ‘विकली’ की त्याचा नफा घटतो आणि डिस्टिलरीचा तेवढाच फुगतो. कंपनीचा एकूण नफा रुपयानेही हलत नाही. मग खटाटोप कशाला? कारण ऊस पिकवणाऱ्याचा वाटा भिंतीच्या अलीकडेच मोजला जातो. रंगराजन समितीने 2012 मध्ये सुचवलेल्या आणि महाराष्ट्राने 2013 च्या कायद्याने उचललेल्या सूत्रात साखर, मळी, बगॅस आणि प्रेसमडच्या उत्पन्नातले 70 टक्के उसाचे. डिस्टिलरीचा नफा मूळ सूत्रात नाहीच. सहकारीत निदान सभासद डिस्टिलरीचाही मालक असतो. खासगीत तो नुसता पुरवठादार.

समजा, गाळप 10 लाख टन. मळी साधारण 4 टक्के, म्हणजे 40 हजार टन. बाहेर टनाला 9,000 मिळत असताना पुस्तकात 6,000 लावले, तर 12 कोटी भिंतीपलीकडे गेले. त्यातला उसाचा वाटा 8 कोटी 40 लाख, टनामागे 84 रुपये. आता हे 84 रुपये द्यावे लागतात ते सूत्राचा दर एफआरपीच्या वर गेला तरच. खुबी इथेच आहे. मळी स्वस्त दाखवून सूत्र एफआरपीच्या आत दाबून ठेवलं, की देणंच उरत नाही.

साहेबांचं उत्तर ठरलेलं: दलाली वाचते, टँकर लागत नाही, म्हणून दर कमी. थोडा कमी असावाही. पण वाचलेलं भाडं टनाला 3,000 होत असेल, तर त्या टँकरला चांदीची चाकं असणार.

आयकर खात्याला मात्र हा खेळ चांगला कळतो. करसवलतीच्या वीज विभागाला बगॅस स्वस्तात दिलं, तर कलम 80-आयए(8) खाली अधिकारी सरळ बाजारभाव लावतो. सरकारचा पैसा बुडत असला की बाजारभाव बरोबर आठवतो.

पकडायला विद्वान लागत नाही. डिस्टिलरीचं पोट घरच्या मळीने भरलं नाही की ती बाहेरूनही घेते. खरेदी रजिस्टर उघडा आणि एकाच महिन्यातला परक्याला दिलेला दर घरच्या दराशेजारी ठेवा. टीआरएस, म्हणजे मळीतल्या साखरेचं प्रमाण, सारखं असेल तर सबबी संपल्या. आमच्याकडे एका ऑडिटरने त्या दोन आकड्यांभोवती पेन्सिलीने गोल काढला होता. पुढच्या वर्षी ऑडिटर बदलला.