सोमवारची शिल्लक, शुक्रवारचा टेम्पो

माझा भाचा खडवलीस किराणा दुकान चालवितो. टिटवाळा आणि वासिंद यांच्यामधले हे स्थानक. भातसा नदी गावालगत वाहते. त्याचा घाऊक माल कल्याणहून येतो आणि आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी सकाळी, टेम्पो दुकानासमोर उभा राहतो. मागणी गुरुवारी सकाळी कळवावी लागते. आषाढातील एका सोमवारी रात्री दुकान वाढविल्यावर त्याने संगणकावरील मालयादीचा स्क्रीनशॉट मला पाठविला आणि खाली लिहिले, “मामा, यातून किती मागवू? मागच्या आठवड्यात तूरडाळ संपली आणि दोन नेहमीची घरे परत गेली.”

चित्रात तीन रकाने होते : वस्तू, आजची शिल्लक आणि रोजची सरासरी विक्री. ही सरासरी गेल्या ३० दिवसांच्या विक्रीवरून काढलेली. मी प्रथम त्याला विचारले, की आजची विक्री शिलकेतून वजा झाली आहे काय? झाली होती. हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु चित्र सकाळचे की रात्रीचे, यावर एका दिवसाचा हिशेब पालटतो.

पुढे दोन मुदती ठरविल्या. टेम्पो येईपर्यंत विक्रीचे दिवस तीन : मंगळ, बुध, गुरू. टेम्पो आल्यावर पुढच्या शुक्रवारपर्यंत दिवस सात. पावसात टेम्पो रखडतो, म्हणून दोन दिवसांची राखीव भर धरली. म्हणजे शुक्रवारी सकाळी दुकानात नऊ दिवसांचा माल असावा. त्यातून तीन दिवसांनंतर उरणारी शिल्लक वजा केली, की मागणी निघते.

साखरेची शिल्लक ९० किलो, रोजची विक्री १२ किलो. तीन दिवसांत ३६ किलो जाईल, ५४ उरेल. नऊ दिवसांस १०८ हवी. म्हणजे ५४ मागवावी. गोणी ५० किलोची. दुसरी गोणी घेण्याचे कारण नाही. चार किलोची उणीव राखीव भरीतून सहज निघते. पावसाळ्यात साखर दमट होते आणि डाळींत जीव पडतात, म्हणून ‘असू द्या जास्तीचे’ हे धोरण या दिवसांत महाग पडते.

तूरडाळ १४ किलो, विक्री रोज ६. मंगळवार-बुधवारी १२ किलो गेली, की गुरुवारी उघडताना दोनच किलो उरणार. पडद्यावर सोमवारी ‘१४’ हा आकडा धोक्याचा वाटत नाही. पण शिलकेला रोजच्या विक्रीने भागले, की सव्वादोन दिवस निघतात आणि टेम्पो तीन दिवसांनी आहे. तुटीची ओळख एवढीच. यादीतील प्रत्येक वस्तूस हा भागाकार करावा आणि उत्तर तीनहून कमी आले, की तेथे खूण करावी. शुक्रवारची मागणी ही तूट भरून काढू शकत नाही. भाच्याने बुधवारीच शेजारच्या दुकानातून पाच किलो डाळ उचलली. नफा नाममात्र राहिला, गिऱ्हाईक राहिले. शुक्रवारसाठी ३० किलोच्या दोन गोण्या सांगितल्या.

येथवर साधा हिशेब झाला. खरी चूक पुढील दोन वस्तूंत दडलेली होती.

साबुदाण्याची शिल्लक शून्य आणि सरासरी विक्री रोज ०.८ किलो. पाहणाऱ्यास वाटावे, की ही मंद खपाची वस्तू. सात-आठ किलो पुरे. मी त्यास वस्तूची दिवसवार खतावणी उघडावयास सांगितले. त्यात पहिले १२ दिवस रोज विक्री दिसली आणि पुढे सलग १८ दिवस शून्य. माल संपला होता, मागणी नव्हे. एकूण विक्री २४ किलो. तिला ३० ने भागले, की ०.८ येते, परंतु माल दुकानात होता त्या १२ दिवसांनीच भागले पाहिजे. खरी विक्री रोज २ किलो! ज्या वस्तूची एकदा तूट पडते, तिची सरासरी घटते. घटलेल्या सरासरीवरून पुन्हा कमी माल येतो आणि पुन्हा तूट पडते. हे चक्र पडद्यावर कधीच दिसत नाही. एकामागून एक आलेली शून्ये हीच त्याची खूण.

म्हणून नऊ दिवसांचे १८ किलो. टेम्पोपूर्वीच्या तीन रिकाम्या दिवसांसाठी वेगळे सहा किलो धरावयाचे नाहीत. ते ग्राहक तोवर अन्यत्र जाऊन आलेले असतात. मात्र त्या आठवड्यात आषाढी एकादशी होती. गेल्या वर्षीची नोंद पाहताना तारखेऐवजी तिथी पाहावी लागते, कारण एकादशीची इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. त्या नोंदीत एकादशीपर्यंतच्या तीन दिवसांत २० किलो विक्री होती, म्हणजे नेहमीच्या सहापेक्षा १४ अधिक. एकूण ३२ किलो मागविले.

दुसरी वस्तू एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या. शिल्लक ३३, सरासरी रोज ११. भागाकार तीन सांगतो. म्हणजे गुरुवारी रात्री खोके रिकामे. पण खडवलीस रविवार वेगळा असतो. नदीकाठी येणारी मंडळी रविवारी सुमारे ५० बाटल्या नेतात आणि इतर दिवशी पाचच खपतात. तेव्हा गुरुवारपर्यंत १५ जातील, १८ उरतील. शुक्रवार-शनिवारच्या दहा वजा जाता रविवारी उजाडता आठच हाती राहतील. तूट गुरुवारी नाही, रविवारी आहे. पुढील सात दिवसांस सहा साधे दिवस आणि एक रविवार मिळून ८० बाटल्या, राखीव दोन साध्या दिवसांच्या १०. त्यातून १८ वजा केल्या, की ७२ उरतात, म्हणजे बाराची सहा खोकी. सरासरीवर विसंबला असता तर ९९ च्या हिशेबाने नऊ खोकी आली असती. जोरदार पावसात नदीकाठी जाण्यास मनाई झाली, तर हा रविवारही साधा दिवस ठरतो आणि दोनच खोकी पुरतात. म्हणून पाण्याचा आकडा गुरुवारी सकाळी, मागणी कळविण्याच्या क्षणी, पुन्हा पाहावा असे ठरले.

यादीत मिठासमोर ‘-६’ होते. दुकानात वजा सहा पुडे असू शकत नाहीत. खरेदीचे बिल चढविलेले नसले, की विक्री वजा होत जाते आणि शिल्लक शून्याखाली उतरते. अशा ओळीवर कोणताही हिशेब करू नये. उठून फळीवर मोजावे. त्याने मोजले, ४० पुडे होते आणि बिल खणात पडले होते. वजा आकडा तरी चूक ओरडून सांगतो. बिल न चढविलेल्या ज्या वस्तू अजून शून्याच्या वर आहेत, त्या गप्प राहतात. तेव्हा खण आधी रिकामा करावा, मग पडद्याचे चित्र घ्यावे.

शुक्रवारी टेम्पो उतरविण्यापूर्वी भाच्याने चार वस्तू हाताने मोजल्या. साखर अंदाजाने ५४ किलो असावयास हवी होती, ५१ निघाली. तीन दिवसांत तीन किलोचा फरक चालण्यासारखा आहे. पण तोच फरक दर शुक्रवारी एकाच दिशेने येऊ लागला, तर दोष विक्रीच्या अंदाजात नाही; तागडीत, सांडलवंडीत किंवा न नोंदलेल्या उधारीत तो शोधावा. त्यासाठी त्याने वहीत नवे पान घातले आहे : वस्तू, अंदाज, मोजणी, फरक. चार शुक्रवारांनंतर ते पान त्याने माझ्याकडे पाठवावे, असे ठरले आहे.