जुलैची सर्दी आणि बंद खिडक्या

जुलै उजाडला की आमच्या वर्गात हजेरीचा रंगच बदलतो. कुणाचं नाक वाहतंय, कुणी शिंकतंय, कुणाची आई दारात येऊन सांगते, "सर, कल भीग गया था, नज़ला हो गया." आम्हीही मान डोलावतो, कारण आमच्या आईनेही आम्हाला हेच सांगितलं होतं. पाऊस अंगावर पडला की सर्दी, थंडीचा वारा लागला की जुकाम. पण वीस वर्षं हजेरीपट मांडून बसल्यावर एक गोष्ट खटकू लागते. रोज भिजत येणारी शेताकडची मुलं अनेकदा ठणठणीत असतात, आणि रिक्षातून कोरडी ठणठणीत उतरणारी मुलं आधी आजारी पडतात. मग सर्दी येते ती पावसातून, की आणखी कुठून?

सर्दी हा विषाणूचा आजार आहे एवढं आता सगळ्यांना ठाऊक आहे. तिला कारण ठरणारे विषाणू दोनशेच्या आसपास आहेत आणि त्यातला मोठा वाटा र्‍हायनोव्हायरस या कुळाचा आहे. पाण्यात विषाणू नाही, वार्‍यातही नाही, तो दुसर्‍या माणसाच्या नाकात असतो. त्यामुळे खरा प्रश्न असा की थंडी किंवा ओल लागल्यामुळे माणूस त्याला जास्त बळी पडतो का.

इंग्लंडमध्ये सॅलिस्बरी गावाजवळ 1946 पासून चाळीसेक वर्षं सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र चालत होतं. तिथे स्वेच्छेने आलेल्या लोकांच्या नाकात मुद्दाम सर्दीचे थेंब टाकायचे. काहींना त्याशिवाय आंघोळ घालून ओल्या अंगाने गार वार्‍याच्या बोळात उभं करायचे, आणि काहींना नुसतंच गारठवायचे, थेंब न टाकता. नुसतं गारठलेल्यांना सर्दी झाली नाही. थेंब टाकलेल्यांना झाली, पण गारठल्यामुळे ती ठामपणे जास्त झाली असं पुन्हा पुन्हा केलेल्या प्रयोगांत दिसलं नाही.

याहून बोलकी गोष्ट उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गन बेटावरची आहे. तिथे लाँगयिअर नावाचं कोळसा खाणीचं गाव होतं. हिवाळ्यात समुद्र गोठायचा, बोटी बंद व्हायच्या आणि पाचशेएक माणसं महिनोनमहिने जगापासून तुटायची. 1930-31 च्या हिवाळ्यात दोन संशोधकांनी तिथल्या सर्दीची नोंद ठेवली. कडाक्याची थंडी, तरी हिवाळा जसा सरकला तशी सर्दी जवळजवळ संपली. वसंतात पहिली बोट लागली, बाहेरची माणसं उतरली आणि थोड्याच दिवसांत गावभर नाकं वाहू लागली. थंडी ओसरत होती आणि सर्दी वाढत होती! हिवाळाभर ही माणसं बंद घरांत एकत्रच राहत होती हेही लक्षात घ्या. म्हणजे गर्दी स्वतः सर्दी निर्माण करत नाही. कुणीतरी विषाणू आणावा लागतो, मग गर्दी तो वाटून टाकते.

आपल्याकडे ही पहिली बोट कोणती? आमच्या मते ती म्हणजे शाळेची पहिली घंटा. राज्याच्या बहुतेक भागात शाळा जूनच्या मध्याला उघडते, विदर्भात थोडी उशिरा. त्याच सुमारास पाऊस लागतो. दीड महिना मामाच्या गावी, मुंबईला, हैदराबादला पांगलेली मुलं आपापले विषाणू घेऊन एकाच खोलीत येतात. दिवाळीच्या सुट्टीनंतरही हेच होतं, आणि तेव्हा थंडी सुरू झालेली असते. दोन गोष्टी एकदम घडतात, आपण मात्र दोष फक्त आभाळाला देतो.

भारतातच एक जोडी पाहण्यासारखी आहे. साध्या सर्दीची नोंद सहसा कुणी ठेवत नाही, पण तिचा थोरला भाऊ असलेल्या फ्लूची ठेवली जाते. पुण्यात फ्लूचा जोर जुलै ते सप्टेंबर दिसतो, श्रीनगरात जानेवारी ते मार्च. पुण्याचा जुलै पंचवीस अंशांच्या आसपास, दमट. श्रीनगरचा जानेवारी शून्याजवळ. हवामान उलटसुलट, पण एक गोष्ट सारखी. पुण्यात पावसामुळे आणि काश्मिरात थंडीमुळे, त्या महिन्यांत माणसं दारं-खिडक्या लावून आत बसतात.

आता आमच्याच वर्गाचं सांगतो. मागच्या जुलैत एका खोलीचं छत गळायला लागलं, म्हणून दोन तुकड्या एकत्र बसवाव्या लागल्या. एकीत छत्तीस मुलं, दुसरीत चौतीस. खोली आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद, तीन मीटर उंच, म्हणजे 144 घनमीटर हवा. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावलेल्या, वर पंखे गरगरत. सोमवारी एक मुलगा नाक पुसत आला. त्याला घरी पाठवलं नाही, कारण "साधी सर्दी तर आहे." विषाणू नाकात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. बुधवारी चार मुलं शिंकत होती, शुक्रवारी अकरा जागा रिकाम्या. या सगळ्यांना त्याच मुलाकडून लागण झाली असा आमचा दावा नाही, घरूनही काहींना झाली असेल. पण त्या खोलीत काय चाललं होतं त्याचा हिशेब आम्ही फळ्यावर मांडला, तो असा.

शांत बसलेलं मूल तासाला अंदाजे चारशे लिटर हवा आत-बाहेर करतं. सत्तर मुलांची झाली अठ्ठावीस घनमीटर. म्हणजे तासाभरात खोलीतल्या हवेच्या जवळपास एक-पंचमांश इतकी हवा कुणा ना कुणाच्या छातीतून जाऊन आली. खिडक्या बंद असताना, फटींतून वगैरे, खोलीची हवा तासाला जेमतेम एकदा बदलते असं धरू. मग काही वेळाने प्रत्येक मुलाच्या श्वासाचा सुमारे पाचवा हिस्सा दुसर्‍याने सोडलेला असतो. समोरासमोरच्या खिडक्या उघडून हवा तासाला सहा वेळा बदलली, तर तोच हिस्सा तीसावर येतो. मुलं तीच, पाऊस तोच, फरक फक्त खिडकीचा.

सर्दीचे विषाणू हाताने आणि शिंकेच्या मोठ्या थेंबांनी पसरतात तसेच बोलताना, खोकताना सुटणार्‍या अगदी बारीक तुषारांनीही पसरतात. मोठा थेंब थोड्याच अंतरावर खाली पडतो, बारीक तुषार मात्र बंद खोलीत बराच वेळ तरंगतो. म्हणून शेवटच्या बाकावरचं मूलही सुरक्षित नसतं.

गर्दीचा दुसरा हिशेब आणखी साधा आहे. छत्तीस मुलांत दोघादोघांच्या जोड्या होतात 630. सत्तर मुलांत होतात 2415. मुलं दुपटीपेक्षा थोडी कमीच झाली, पण एकाकडून दुसर्‍याकडे जायच्या वाटा जवळपास चौपट झाल्या. गळक्या छताची किंमत अशी सर्दीच्या रूपाने मोजावी लागते, आणि ती दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात कुणी धरत नाही. मुलाचे बुडालेले दिवस, औषधाचा खर्च, रोजंदारीवर जाणार्‍या आईचा खाडा, घरातल्या दमेकरी आजोबांना झालेला त्रास, हे सगळं त्याच छतातून गळतं.

मग थंडीचा काहीच हात नाही का? आहे, थोडा. नाकाच्या आतलं तापमान शरीरापेक्षा कमी, 33 अंशांच्या आसपास असतं आणि र्‍हायनोव्हायरस तिथेच जास्त जोमाने वाढतो. उंदरांच्या श्वासमार्गातल्या पेशींवर 2015 साली झालेल्या अभ्यासात दिसलं की 33 अंशांवर पेशींचा बचाव 37 अंशांपेक्षा ढिला पडतो. म्हणून अम्मीचं "कपडे बदल, डोकं पूस" हे सांगणं टाकून देऊ नका. पण कितीही गारठलं तरी, दुसर्‍याकडून विषाणू आला नाही तर सर्दी नाही.

आणखी एक फसवणूक ओळखायला हवी. पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते आणि काहींना तिची अॅलर्जी असते. अशा मुलाला सकाळी सलग शिंका येतात, डोळे आणि नाक खाजतं, पाण्यासारखं वाहतं, ताप नसतो आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. सर्दी सहसा आठ-दहा दिवसांत उतरते. त्याला "सारखी सर्दी होते" म्हणत राहिलं तर खरं कारण, म्हणजे ओली भिंत, तशीच राहते. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर त्याला सर्दी म्हणूच नये, टीबीची तपासणी करून घ्यावी. टीबीही अशाच कोंदट हवेतून पसरतो.

आम्ही वर्गात काय केलं? कोकणपट्टीत पाऊस पश्चिम आणि नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूच्या खिडक्या लावल्या आणि पूर्वेकडच्या उघड्या ठेवल्या. भिंतीत वर झरोके होतेच, पण कबुतरं येतात म्हणून त्यांना पुठ्ठे ठोकलेले. पुठ्ठे काढून जाळी बसवली. वर्गाचं दार उघडं ठेवलं. छताचा पंखा बंद खोलीत तीच हवा घुसळतो, बाहेरची आणत नाही, हे मुलांना समजावलं. एसीच्या खोलीतही बहुधा तेच होतं, म्हणून गार वाटलं तरी हवा ताजी आहे असं समजू नये. मधल्या सुट्टीत, पाऊस असला तरी, मुलांना व्हरांड्यात काढून खोली दहा मिनिटं मोकळी सोडतो. सुट्टीनंतर बाहेरून आत पाऊल टाकताच ओल्या रेनकोटचा आणि घामाचा कोंदट वास आला तर समजायचं, हवा बदलत नाही. आत बसलेल्याला तो वास कळत नाही, म्हणून बाहेरून येणार्‍याच्या नाकावर विश्वास ठेवायचा.

याने शेजारच्याच बाकावर शिंकणार्‍यापासून बचाव होत नाही, हे खरं. त्यासाठी पहिले दोन-तीन दिवस मुलाला घरी ठेवणं आणि हात धुणंच लागतं. पण उरलेल्या अडुसष्ट मुलांसाठी खिडकी मोलाची आहे. शिकवणीची खोली, पडदे पाडलेली एसटी, जुम्याला पाऊस आला की अंगणातल्या सफा आत सरकतात ती मशीद, सगळीकडे हाच हिशेब लागू आहे.

यंदा आमच्या दारात एखादी आई "भीग गया था" म्हणाली तर आम्ही हो म्हणू, आणि मग विचारू: रात्री घरात किती जणं झोपता आणि खिडकी उघडी असते का?