टक्करीचा तक्ता आणि हरवलेलं वजाचिन्ह

आमच्या फर्दापुरात संध्याकाळी माजी विद्यार्थी गणितांचे फोटो मोबाईलवर पाठवतात. त्यात टक्करीचे तक्ते बरेच असतात, आणि विचारणा एकच: 'सर, स्थितिस्थापक की अस्थितिस्थापक?' मुलं लगेच संवेग काढतात. जुळला की स्थितिस्थापक, नाही जुळला की अस्थितिस्थापक. माझ्या मते ही सवय आपणच लावली आहे आणि ती मोडायला हवी.

परवाचाच तक्ता घ्या. पहिली ट्रॉली १ किलोची, वेग ३ मी/से. दुसरी २ किलोची, स्थिर. टक्करीनंतर फोटोत पहिलीचा वेग १ आणि दुसरीचा २ दिसत होता. आधीचा संवेग ३, नंतरचा १ + ४ = ५. मुलाने लिहिलं, 'संवेग अक्षय्य नाही, म्हणून अस्थितिस्थापक.'

अरे, पण बाहेरून बल नसेल तर संवेग दोन्ही प्रकारांत जुळतोच! ट्रॉल्या एकमेकींना चिकटून गेल्या तरी जुळतो. म्हणून संवेगावरून प्रकार ठरत नाही. आकडे बरोबर वाचले का, एवढंच कळतं. इथे तो जुळत नाही, म्हणजे वाचण्यात किंवा तक्त्यात चूक आहे.

प्रकार ठरतो गतिज ऊर्जेवरून. आधी ½ × १ × ३² = ४.५ ज्यूल. नंतर ०.५ + ४ = ४.५. जुळली! मग स्थितिस्थापक म्हणून मोकळं व्हायचं का? थांबा. ऊर्जेत वेगाचा वर्ग होतो, त्यामुळे वजाचिन्ह गेलं तरी ऊर्जेला पत्ता लागत नाही. पहिलीचा वेग −१ असेल, म्हणजे ती मागे उसळली असेल, तर संवेग −१ + ४ = ३. दोन्ही जुळलं, टक्कर स्थितिस्थापक.

पण दुसरीही शक्यता आहे. दुसऱ्या ट्रॉलीचा १ हा अंधुक फोटोत २ दिसला असेल तर? संवेग १ + २ = ३, तोही जुळतो. मात्र ऊर्जा ०.५ + १ = १.५ ज्यूल, म्हणजे ३ ज्यूल गेली. दोन्ही ट्रॉल्या एकाच वेगाने जातात, म्हणजे टक्कर पूर्ण अस्थितिस्थापक. उत्तर नेमकं उलटं! म्हणून अंदाजाने चिन्ह न बसवता मी फोटो परत मागवला. पुस्तकाच्या घडीत वजाचिन्ह होतं.

दिशा विसरण्याची ही चूक मोठ्यांनीही केली आहे. देकार्तने १६४४ च्या ग्रंथात गतीचं परिमाण दिशेशिवायच धरलं होतं. पुढे हायगेन्सने दिशा धरून नियम नीट मांडले.

प्रयोगातून मोजलेला तक्ता असेल तर चाकांच्या घर्षणामुळे थोडा फरक पडणारच. तिथे ४.५ ऐवजी ४.४ आलं म्हणून लगेच अस्थितिस्थापक लिहायला लावू नका. संवेगातही तेवढाच किरकोळ फरक आहे का, ते आधी पाहायला सांगा.