दाढेत चुना ठेवला आहे, तारीख चुकवू नका

रूट कॅनॉलच्या पहिल्या भेटीनंतर दंतवैद्य तुम्हाला सांगतात, "आत औषध ठेवले आहे, दहा दिवसांनी या." घरी येईपर्यंत दुखणे निम्मे झालेले असते आणि दोन-तीन दिवसांत पूर्ण थांबते. मग मनात येते, आता कशाला जायचे? मी दंतवैद्य नाही, जनरल फिजिशियन आहे. पण या प्रश्नाचे चुकीचे उत्तर दिलेले रुग्ण सुजलेला गाल घेऊन शेवटी माझ्याकडे येतात, म्हणून हा लेख.

बहुतेक वेळा हे आत ठेवलेले औषध म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड असते. नाव अवघड वाटले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. पानाला लावतो तो चुना म्हणजे रासायनिकदृष्ट्या हाच पदार्थ. हेर्मान नावाच्या जर्मन दंतवैद्याने १९२० साली तो दातांच्या उपचारात आणला आणि आजही तो वापरात आहे. दवाखान्यातले औषध शुद्ध असते, मोजून बनवलेले असते आणि बारीक नळीने किंवा सुईने मुळाच्या आत भरले जाते.

हा चुना आत काय करतो?

दाताची नस मेली की मुळातल्या पोकळ नळीत जंतू घर करतात. दंतवैद्य बारीक सुयांनी ती नळी घासतात आणि जंतुनाशक द्रावणाने धुतात. त्यातून बहुतेक जंतू जातात, पण सगळे नाही. नळीच्या भिंतीला डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात, मुळाला फाटे असतात. तिथे सुई पोहोचत नाही.

तिथले काम चुना करतो. तो अतिशय अल्कधर्मी आहे, त्याचा पीएच साधारण १२.५ असतो. इतक्या तीव्र वातावरणात बहुतेक जंतूंचे आवरण फाटते आणि ते मरतात. मेलेल्या जंतूंचे विष निकामी होते आणि नळीत उरलेले सडके अवशेष मऊ पडून पुढच्या भेटीत धुऊन निघतात. मात्र एन्टेरोकॉकस फीकॅलिससारखे काही चिवट जंतू चुन्यालाही दाद देत नाहीत. म्हणून नळी आधी नीट साफ करावीच लागते, नुसता चुना भरून भागत नाही.

हे औषध हळू चालते, कारण दात स्वतःच त्याची तीव्रता कमी करत असतो. नळीच्या आतल्या थरात परिणाम काही तासांत होतो, पण मुळाच्या बाहेरच्या थरापर्यंत पोहोचायला कित्येक दिवस लागतात. म्हणून किमान सात दिवस आणि साधारणपणे एक ते दोन आठवडे ते आत ठेवतात. पू जास्त असेल किंवा नळी कोरडी होत नसेल तर दंतवैद्य ते बदलून पुन्हा भरतात.

मग जास्त दिवस राहिले तर जास्त चांगले नाही का? नाही. पानाच्या डबीचे झाकण उघडे राहिले की चुना वाळून खडूसारखा होतो आणि त्याचा चटका जातो, हे तुम्ही पाहिले असेल. दाढेतही औषधाचा जोर कायम टिकत नाही आणि लाळ आत शिरली तर ते विरघळून वाहून जाते. शिवाय महिनोन्‌महिने चुना आत राहिला तर दाताची भिंत ठिसूळ होऊ शकते. म्हणजे हे औषध दोन भेटींच्या मधला मुक्काम आहे. त्याला घर समजू नका.

झाकण टिकले तरच औषध टिकते

औषधाच्या वर बसवतात ते तात्पुरते फिलिंग. लोक त्याला सिमेंट म्हणतात. त्याचे काम एकच, लाळ आणि त्यातले जंतू आत जाऊ न देणे. त्यासाठी त्याची जाडी ३.५ ते ४ मिलिमीटर तरी लागते. नेहमी वापरले जाणारे पांढरे तात्पुरते सिमेंट लाळेच्या ओलाव्यानेच घट्ट होते, म्हणून पहिला तासभर काही खाऊ नका. भूल दिली असेल तर बधिरपणा पूर्ण जाईपर्यंत थांबा, नाहीतर गाल चावला जातो. हे सिमेंट दोन-तीन आठवड्यांनंतर कडेने झिरपू लागते.

तोवर घास दुसऱ्या बाजूने चावा. चिक्की, तिळगूळ, च्युइंगम फिलिंग ओढून काढतात. सुपारी, ऊस आणि भाजलेले फुटाणे ते फोडतात. ब्रश मात्र त्या दाढेवरूनही हलक्या हाताने फिरवा. वरचा पातळ थर झिजला तर घाबरू नका. जिभेला खड्डा लागला, फिलिंग हलू लागले किंवा तोंडात अचानक कडवट, घाण चव आली तर झाकण गेले असे समजा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत दंतवैद्याकडे पोहोचा. तोवर प्रत्येक जेवणानंतर कोमट पाण्याने चूळ भरा. खड्ड्यात कापूस, लवंगेचे तेल किंवा तंबाखू कोंबू नका. आणि "तोच पदार्थ आहे ना" म्हणून पानाचा चुना तर मुळीच भरू नका. तो निर्जंतुक नसतो आणि हिरडी, गाल भाजून काढतो.

एक दाढ कशी गेली

आता ज्या रुग्णामुळे मी हे लिहायला बसलो त्याच्याविषयी. ओळख पटू नये म्हणून थोडा तपशील बदलला आहे. गंगाखेड भागातला चाळिशीतला गडी, मधुमेहासाठी माझ्याकडे येणारा. दिवाळीच्या आठवडाभर आधी खालची उजवी मोठी दाढ ठणकू लागली. दंतवैद्याने नळ्या साफ केल्या, चुना भरला, सिमेंट लावले आणि दहा दिवसांनी बोलावले. दुखणे दुसऱ्या दिवशी थांबले. दहावा दिवस उजाडण्याआधीच मुकादमाची गाडी आली आणि नवरा-बायकोचा कोयता ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेला. उचल घेतलेली होती. एका दिवसाचा खाडा म्हणजे अंगावरच्या पैशात भर.

फडात ऊस खाताना सिमेंटचा तुकडा उडाला. दुखत नव्हते, म्हणून त्याने लक्ष दिले नाही. जानेवारीत फोन आला, "साहेब, दाढ थोडी ठणकायली, गोळ्या सांगा की." मी वेदनाशामक आणि अँटिबायोटिक सांगितले. दाढेत काय ठेवले आहे, पुढची तारीख कोणती होती, हे विचारलेच नाही. चार दिवसांत ठणका गेला आणि तो कामावर राहिला.

मार्चअखेर पट्टा पडला आणि तो परतला, तेव्हा जबडा सुजलेला, अंगात ताप आणि साखर फार वाढलेली. दंतवैद्याने दाढ उघडली तर चुन्याचा मागमूस नव्हता, नळ्यांत अन्न आणि पू होता. आतून पोखरलेली दाढ हिरडीच्या खालपर्यंत उभी चिरली होती. ती काढावी लागली. दहा दिवसांनी आला असता तर नळ्या धुऊन, कायमच्या भरून, वर कॅप बसवून तीच दाढ वाचली असती.

यात माझी चूक होती, हे मी मान्य करतो. नस मेलेल्या दातात रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे गोळीतले अँटिबायोटिक नळीच्या आत पोहोचतच नाही. ते बाहेर पसरलेली सूज काही काळ आवरते आणि रुग्णाला वाटते, बरे झाले. माझ्या गोळ्यांनी त्याची दाढ वाचली नाही, उलट दोन महिने वाया गेले.

माझे मत

आपण रुग्णाला बेफिकीर म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. आपल्या भागातून दरवर्षी माणसे सहा-सहा महिने ऊसतोडीला जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग चुना भरण्याच्या आधी "पुढच्या पंधरा दिवसांत तुम्ही कुठे असाल?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कोणी विचारला नाही तर तुम्ही आपणहून सांगा.

कारण तारीख आधी कळली तर मार्ग असतात. पुष्कळ दाढांचे काम एकाच बैठकीत पूर्ण करता येते आणि अभ्यासांनुसार एका किंवा दोन बैठकींच्या यशात फारसा फरक दिसत नाही. पू वाहत असेल, नळी कोरडी होत नसेल तर चुना लागतो, पण दहाऐवजी सातव्या दिवशी बोलावता येते. जाणे अगदीच टळत नसेल तर वर ग्लास आयोनोमर नावाचे अधिक टिकाऊ सिमेंट लावता येते. अशा वेळी औषधाचे नाव, ते भरल्याची तारीख आणि काढण्याची शेवटची तारीख कागदावर लिहून घ्या, एक्स-रेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कारखान्याजवळच्या दंतवैद्याला उरलेले काम त्यावरून करता येते.

माझ्यापुरता मी नियम केला आहे. दाढ दुखते म्हणून कोणी गोळ्या मागितल्या की आधी विचारतो, "आत औषध ठेवले आहे का? तारीख कोणती दिली होती?"

शेवटी एवढे लक्षात ठेवा. चुना भरल्यावर एक-दोन दिवस हलके दुखणे चालते. दुखणे वाढत गेले, सूज किंवा ताप आला, किंवा भूल उतरल्यानंतरही ओठ बधिर राहिला तर त्याच दिवशी दंतवैद्याला कळवा. तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर सरळ रुग्णालय गाठा. आणि यातले काहीच झाले नाही, दाढ अगदी गप्प आहे, तरी दिलेल्या तारखेला जा. दुखत नाही याचा अर्थ औषध काम करते आहे एवढाच, काम संपले असा नाही.