पैठणीची घडी

मोठ्या भाचीच्या निकाहच्या आठवडाभर आधी आपाने पेटी उघडली. तिच्या स्वतःच्या लग्नातली पैठणी मुलीला नेसवायची, असं तिने कधीचं ठरवलं होतं. बावीस वर्षांपूर्वी अब्बांनी चांदवडहून मनमाडमार्गे येवल्याला जाऊन ती आणली होती. साडी उलगडली आणि आपाचा हात थांबला. पदराच्या मधोमध, बरोबर घडीच्या रेषेवर, वीतभर रेशीम चिरलं होतं. एका बाजूचा जरीचा काठही काळा पडला होता.

आपा म्हणाली, "मी तर ही चार वेळासुद्धा नेसले नाही गं!"

भगिनींनो, नुकसान नेमकं तिथेच झालं होतं. चांगली साडी अंगावर जितकी खराब होत नाही, तितकी पेटीत पडून होते.

जर म्हणजे रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळलेली धातूची पातळ पट्टी. अस्सल जरीत ती चांदीची असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. स्वस्त जरीत तांब्याच्या पट्टीवर चांदीचा हात दिलेला असतो. एकाच जागी घडी वर्षानुवर्षं दाबून राहिली की ही पट्टी तिथे तडकते आणि तिची धार शेजारच्या रेशमाला कापू लागते. आपाची साडी पेटीच्या तळाशी होती आणि वर चार रजया. ते ओझं बावीस वर्षं त्या एकाच रेषेवर होतं.

काठ काळा का पडला, तेही लगेच कळलं. साडी प्लास्टिकच्या पिशवीत होती आणि सुवास राहावा म्हणून घडीत अत्तराचा फाया ठेवला होता. जिथे फाया टेकला होता, तिथेच काळेपणा सर्वांत जास्त होता. अत्तराचं तेल रेशमात उतरतं, जरीवर बसतं. प्लास्टिकमध्ये आतला दमटपणा कोंडतो आणि बंद हवेत धातू काळवंडतो. आपल्या घरांत कपड्यांत फाया ठेवायची सवय आहे. सुती कपड्यांत खुशाल ठेवा, जरीपासून मात्र दूर. अत्तर लावायचं तर मनगटाला लावा, ते सुकल्यावर साडी नेसा.

काळा पडलेला काठ चिंच, टूथपेस्ट किंवा भांड्यांच्या पावडरीने घासू नका. काळेपणाबरोबर सोन्याचा मुलामाही निघतो आणि मग काठ कायमचा पांढुरका दिसतो.

मग ठेवायची कशी? समारंभाहून आल्यावर साडी लगेच घडी करू नका. रात्रभर घरातच, सावलीत, रुंद दांडीवर सैल पसरा, म्हणजे घाम सुकेल. कोर्म्याचा तेलकट डाग पडला असेल तर पाणी लावू नका. त्यावर टाल्कम पावडर टाकून काही तास राहू द्या, मग हलक्या हाताने झटका. डाग तरीही राहिला तर जरीच्या साड्या हाताळणाऱ्या ड्रायक्लीनवाल्याकडे द्या आणि डाग कशाचा आहे तेही सांगा. इस्त्री मंद, उलट्या बाजूने आणि वर सुती कापड ठेवूनच करा. जरीवर पाणी शिंपडू नका.

ठेवताना साडी जुन्या, धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळा. पदराच्या घडीत मलमलीचीच मऊ गुंडाळी ठेवा, म्हणजे तिथे कडक रेषा पडणार नाही. घडी हाताने दाबू नका आणि ही साडी सगळ्यांत वर ठेवा. हँगरवर वर्षभर लटकवलीत तर जड पदर स्वतःच्याच वजनाने ओढला जातो. कसर लागू नये म्हणून वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि लवंगा पोटलीत बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवा. डांबराच्या गोळ्या वापरल्यात तर त्याही कापडाला टेकू देऊ नका.

वर्षातून तीनदा घडी मोडा: पावसाळ्याआधी, पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावर, आणि एकदा हिवाळ्यात. तासभर सावलीत पसरा. मागच्या वेळी अर्ध्यावर दुमडली असेल तर या वेळी तीन भागांत दुमडा. पुढच्या वेळी घडी चार बोटं सरकवा. जुन्या रेषेवर पुन्हा घडी पडली नाही, एवढंच पाहायचं. भर पावसात मात्र पेटी उघडू नका. ओल आत शिरते.

दोन्ही बहिणी पैठणी घेऊन येवल्याला गेलो. एका वयस्क कारागिराने चिरलेल्या भागाला मागून त्याच रंगाच्या रेशमाचा अस्तर-तुकडा बारीक टाक्यांनी लावून दिला. काठाचं मात्र काही होणार नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. भाची तीच साडी नेसली. काळा काठ निऱ्यांत गेला.

आता पैठणी भाचीकडे आहे. पेटीच्या झाकणाला आतून तिने एक कागद चिकटवला आहे. त्यावर घडी बदलल्याची तारीख लिहिते.