जाता है की जा रहा है?

'वह स्कूल ______ (जाना)।' पाचवी-सहावीच्या हिंदीच्या वहीत असं वाक्य हमखास येतं. आपल्या घरातली मुलं बेधडक लिहितात 'जाता है'. कधी बरोबर येतं, कधी लाल रेघ. मग घरी वाद, की 'आई, मी तर तेच लिहिलं!' आणि आईलाही नक्की सांगता येत नाही की चुकलं कुठे, कारण बोलताना आपण सगळेच हिंदी धडाधड बोलतो. इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांना कानाने साथ दिलेली असते. बेळगाव, गोवा, बडोद्याकडच्या मुलांना तेवढी नाही. म्हणून या वेळी हाच एक विषय घेऊ.

गोंधळाचं मूळ हिंदीत नाही, आपल्या मराठीत आहे. आपण म्हणतो 'तो जातो'. रोजची गोष्ट असली की हे पुरतं. आणि आत्ता, या क्षणी चाललेली गोष्ट असली की म्हणतो 'तो जातो आहे', बोलताना 'जातोय'. आता 'जातो आहे' आणि हिंदीतलं 'जाता है' शेजारी ठेवून बघा. जातो म्हणजे जाता, आहे म्हणजे है. तुकड्याला तुकडा जुळला! मुलाचं डोकं अगदी तर्काने चाललेलं असतं. पण अर्थ जुळत नाही. हिंदीतलं 'जाता है' म्हणजे आपलं 'जातो', आणि आपलं 'जातोय' म्हणजे हिंदीतलं 'जा रहा है'.

म्हणजे मराठीत 'आहे' आलं की काम चालू असल्याची खूण मिळते. हिंदीतल्या 'है'ला ते काम दिलेलंच नाही. ते फक्त सांगतं की गोष्ट आजच्या काळातली आहे. काम चालू आहे हे सांगायची जबाबदारी 'रहा'वर आहे. हा 'रहा' क्रियापदाच्या मूळ रूपाला लागतो: जा रहा, खा रहा, पढ़ रहा. 'खाता रहा है' असं दोन्ही एकत्र केलं तर अर्थच बदलतो, ते 'खात राहिला आहे' असं होतं.

उलट्या बाजूनेही एक चूक होते. मराठीत 'तो रोज शाळेत जातो' हे पूर्ण वाक्य आहे, म्हणून मुलं हिंदीत 'वह रोज़ स्कूल जाता' एवढ्यावर थांबतात. 'है' नसलं की हिंदीच्या कानाला ते अर्धवट लागतं, 'वह आता तो मैं भी जाता' या जर-तरच्या वाक्यासारखं. म्हणून साध्या होकारी वाक्यात 'है' सोडायचं नाही.

मग गाळलेली जागा भरताना ओळखायचं कसं? पुस्तकं खुणेचे शब्द पाठ करायला सांगतात: 'रोज़, हमेशा, अक्सर' आलं की 'ता है', 'अभी, इस समय' आलं की 'रहा है'. ते उपयोगी आहे, पण अर्ध्या वाटेपर्यंतच. 'रुको, अभी आता हूँ' या वाक्यात 'अभी' आहे आणि तरी 'रहा' नाही, कारण हे 'थांब, आलोच' आहे, येणं अजून सुरू व्हायचंय. 'आजकल' तर दोन्हीकडे जातं: 'आजकल वह देर से उठता है' ही सवय झाली, आणि 'आजकल वह हॉस्टल में रह रहा है' ही तात्पुरती सोय. (या दुसऱ्या वाक्यात 'रह रहा' बघून मुलांना वाटतं की चुकून दोनदा छापलं, आणि ती एक खोडतात. पहिला 'रह' म्हणजे राहणं, दुसरा 'रहा' म्हणजे चालू असणं. दोन्ही हवेत.)

मला स्वतःला त्यापेक्षा घरची मराठी जास्त भरवशाची वाटते. वाक्य मनात आपल्या बोलीत म्हणून बघायचं. तोंडात 'करतो' आलं तर 'करता है', 'करतोय' आलं तर 'कर रहा है'. बेळगावकर मुलांना तर हे आणखी सोपं आहे. 'काय करूलालास?' असं तिकडे विचारतात ना? 'जाऊलालाय' तोंडात आलं की डोळे मिटून 'जा रहा है' लिहा. मराठवाड्यातून हैदराबादेत स्थिरावलेल्या घरांत 'काय करायलास?' ऐकू येतं, तिथेही तेच: 'करायलाय' म्हणजे 'कर रहा है'. घरच्या ज्या बोलीला पुस्तकी लोक अशुद्ध म्हणतात, तिच्यात हा फरक प्रमाण मराठीपेक्षाही ठळक आहे! बडोद्याच्या मुलांनी मात्र गुजरातीचा आधार इथे घेऊ नये. 'ए जाय छे' हे 'जातो' आणि 'जातोय' या दोन्हींसाठी चालतं, त्यातून उत्तर मिळत नाही.

आता एक उतारा सोडवून बघू. वहीत येतो तसाच आहे.

सुबह के आठ बजे हैं। दादी पूजा ______ (करना)। रोज़ वे सात बजे पूजा ______ (करना), पर आज देर हो गई। रसोई में चाय ______ (बनना)। बाहर तेज़ बारिश ______ (होना), इसलिए मामाजी आज दफ़्तर नहीं ______ (जाना)। वे खिड़की के पास बैठे हैं और अख़बार ______ (पढ़ना)। रात को वे अख़बार नहीं ______ (पढ़ना)।

पहिल्या जागेच्या वाक्यात 'अभी' नाही. पण 'आठ बजे हैं' म्हणून घड्याळ दाखवलंय, म्हणजे डोळ्यांसमोर घडणारं दृश्य आहे. मराठीत 'आजी पूजा करतेय'. म्हणून 'कर रही हैं'. 'है'वर अनुस्वार का? घरात आपण आजीला 'आजी आली' म्हणतो, एकवचनात, प्रेमाने. पुस्तकी हिंदीत दादीला आदरार्थी बहुवचन देतात. 'रही' तशीच राहते, आदर फक्त त्या टिंबात असतो. आणि ते टिंब विसरलं की गुण जातो. दुसऱ्या जागेत 'रोज़' आहे: 'करती हैं'.

तिसऱ्या आणि चौथ्या जागेत आपली मुलं वेगळ्याच कारणाने अडखळतात. आपला चहा पुल्लिंगी, हिंदीतली चाय स्त्रीलिंगी. आपला पाऊस पुल्लिंगी, बारिश स्त्रीलिंगी. 'रहा' की 'रही' हे हिंदीच्या लिंगावर ठरतं, म्हणून 'चाय बन रही है', 'बारिश हो रही है'. 'चाय बन रहा है' लिहिणाऱ्या मुलाचा काळ बरोबर असतो, लिंग मराठीतून आलेलं असतं. हे तपासणाऱ्याने वेगळं सांगायला हवं, नाहीतर मूल काळच बदलून बसतं. आवाजाचंही तसंच, 'आवाज़ आ रही है'. आणि भीती उलटी: आपल्याला भीती वाटते, त्यांना 'डर लग रहा है'. बोलणारी मुलगी असली तरी 'रहा', कारण 'मुझे' असलेल्या या वाक्यात क्रियापद डरच्या मागे चालतं, बोलणाऱ्याच्या नाही.

पाचवी जागा नकाराची. मामाजी आज जात नाहीयेत: 'नहीं जा रहे हैं'. शेवटचं 'हैं' सोडून 'नहीं जा रहे' लिहिलं तरी चालतं. सहावी सोपी: 'पढ़ रहे हैं'. पण तिच्या आधीचं 'बैठे हैं' नीट बघा. मामा बसलेत, बसण्याची क्रिया संपली आहे, म्हणून 'बैठ रहे हैं' नाही. ते म्हटलं तर मामा या क्षणी खुर्चीकडे वाकताहेत असं होईल. मराठीतून विचार केला तर ही चूक होतच नाही. इंग्रजी माध्यमातली मुलं इंग्रजीतून विचार करतात तेव्हा मात्र होते.

सातवी जागा सगळ्यात फसवी. रात्री ते पेपर वाचत नाहीत, ही सवय, म्हणून 'नहीं पढ़ते'. इथे 'हैं' सहसा गळतं, 'नहीं' आलं की सवयीच्या वाक्यातलं 'है' बहुधा निघून जातं. मराठीत नकारात 'वाचत' हे एकच रूप सगळ्यांना चालतं: मी वाचत नाही, ती वाचत नाही, ते वाचत नाहीत. हिंदीत ता-ते-ती बदलावंच लागतं: मीना नहीं पढ़ती, मामाजी नहीं पढ़ते. आणि मुली अनेक असतील तर 'हैं' गेलं तरी त्याचं टिंब उडी मारून 'ती'वर बसतं: 'लड़कियाँ यहाँ नहीं खेलतीं'. होकारात मात्र 'खेलती हैं', तिथे 'ती'वर टिंब नाही. कुणीतरी हे एकदा सांगितलं की विसरत नाही, आणि कुणी सांगितलं नाही तर पुस्तकातलं रूप छपाईची चूक वाटते.

हा फरक फक्त गुणांपुरता आहे असं समजू नका. डॉक्टरांनी काकांना विचारलं, 'सिगरेट पीते हैं?' तर हातात सिगरेट नाही म्हणून 'नाही' म्हणून चालत नाही, प्रश्न सवयीचा आहे. 'आपका बेटा क्या करता है?' याला उत्तर नोकरीचं, 'क्या कर रहा है?' याला उत्तर 'सो रहा है'.

आता उरली ती 'वह स्कूल ______ (जाना)।' ही पहिली जागा. तिच्यात ना घड्याळ, ना 'रोज़', ना आजूबाजूला दुसरं वाक्य. तिथे 'जाता है' आणि 'जा रहा है' दोन्ही बरोबर आहेत. एवढंच नाही, 'वह' मुलगी असेल तर 'जाती है' आणि 'जा रही है' हीसुद्धा. धड्याचं शीर्षक बघून पुस्तकाला काय हवंय ते ओळखायचं, दुसरा इलाज नाही. आणि तिथे लाल रेघ आली असेल तर वही घेऊन शाळेत जाऊन नम्रपणे विचारायला हरकत नाही.